एका रोलात पाच पॅलेट की सहा?

(उद्यमबागेतल्या पॅकिंग कामगारांसमोर दिलेलं व्याख्यान)

मंडळी, दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी गोव्याची गाडी दारात उभी होती आणि सहाव्या पॅलेटवरची खोकी गुंडाळताना अर्ध्यातच प्लास्टिकची स्ट्रेच फिल्म संपली. माझा हिशेब चुकला होता. तो कुठे चुकला, तेच आज सांगतो.

पॅलेट 1.2 बाय 1 मीटर. वर काजूची खोकी, लाकडासकट उंची दीड मीटर. लांबी आणि रुंदी मिळवून दुप्पट केली की घेर निघतो, 4.4 मीटर. मात्र खोकी पॅलेटच्या बाहेर आली असतील तर टेप खोक्यांवरून फिरवा, कारण फिल्म खोक्यांवरच बसते.

आता फेरे. फिल्म अर्धा मीटर रुंद. प्रत्येक फेरा मागच्यावर निम्मा चढवायचा, म्हणजे फेऱ्याला पाव मीटर वर सरकतो. तळाला दोन फेरे लाकूड आणि पहिला थर एकत्र धरून, वर जाताना चार, माथ्यावर दोन, उतरताना चार. झाले बारा. चोर्ला घाटातल्या वळणांना तळाचे दोन फेरे कमी करू नका, थर सरकतो तो तिथूनच. बारा गुणिले 4.4 म्हणजे 52.8, शेवटचं टोक धरून 54 मीटर. तिरकं चढताना फेरा जेमतेम सात मिलिमीटर वाढतो, तो सोडून द्या.

पण ही ताणलेल्या फिल्मची लांबी झाली. रोलातून किती जाते ते ताणावर ठरतं. गुंडाळण्याआधी फिल्मवर मार्करनं दहा सेंटीमीटर अंतरावर दोन रेघा मारा आणि गुंडाळल्यावर मोजा. आमच्याकडे हातानं गुंडाळताना बारा सेंटीमीटर भरलं, म्हणजे वीस टक्के ताण. मग 54 ला 1.2 नं भागायचं, 45 मीटर येतात. इथे पुष्कळजण वीस टक्के वजा करतात. तसं केलं की 43 येतात आणि दर पॅलेटमागे दोन मीटरची तूट पडते.

माझी चूक मात्र याच्याही पुढची होती. आपण रोल किलोवर घेतो. 23 मायक्रॉनची, अर्धा मीटर रुंद फिल्म मीटरला साधारण 10.6 ग्रॅम भरते. तीन किलोच्या रोलात मी 283 मीटर धरले आणि सहा पॅलेट होतील म्हणालो. रिकामी पुठ्ठ्याची नळी काट्यावर ठेवली, तर ती अर्धा किलोची निघाली! उरली अडीच किलो फिल्म, 236 मीटर. पाच पॅलेट झाली आणि अकरा मीटर शिल्लक राहिले.

तेव्हापासून पहिलं पॅलेट झालं की मी रोल काट्यावर ठेवतो. 475 ग्रॅमच्या आसपास घट दिसली तर हिशेब बरोबर. साडेपाचशेच्या वर गेली तर पोरगा फिल्म न ताणताच गुंडाळतोय, किंवा फेरे जास्त पडलेत.