ब्लू टिकला टांगलेला जीव

नमस्कार श्रोतेहो. आज ज्या माणसाची गोष्ट सांगणार आहे तो हुबेहूब असा कुठे राहत नाही. समुपदेशनाला आलेल्या काही जणांच्या हकिकती मिसळून मी तो उभा केलाय. वय एकतीस, नाशिकला बँकेत नोकरी, बायको पुण्यात एका कंपनीत. शनिवार-रविवारचा संसार. बाईचं उदाहरण मुद्दामच घेतलं नाही. जोडीदाराच्या उत्तरासाठी जीव असा टांगणीला लागणं पुरुषांनाही होतं, फक्त त्यांच्या बाबतीत ते ‘जरा तापट आहे’ या नावाखाली खपून जातं.

सकाळी तिचा ‘गुड मॉर्निंग’ आला, सोबत लाल बदाम. गडी खूश. काउंटरवर आलेल्या पेन्शनर आजोबांशी दोन विनोदही झाले. एक वाजता त्यानं तिला विचारलं, ‘जेवलीस का?’ ब्लू टिक दिसली, उत्तर नाही. दोन वाजता, ‘बिझी आहेस का?’ सव्वादोनला, ‘माझं काही चुकलं का?’ अडीचला फोन केला, तिनं कट केला. तीनला त्यानं लिहिलं, ‘राहू दे. तुला वेळ नसतोच.’ डबा अर्धा तसाच, कर्जाची एक फाइल उघडी पडलेली, शिपायावर उगाच एकदा खेकसून झालेलं. साडेतीनला तिचं उत्तर आलं, ‘अरे, मीटिंग होती! जेवले. तू?’ जीवात जीव आला. फाइल वीस मिनिटांत हातावेगळी. आणि रात्री फोनवर तिचा आवाज थकलेला वाटला, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

लोक म्हणतात, ‘फार प्रेम आहे हो त्याचं.’ मला हे पटत नाही. त्या अडीच तासांत तो तिचा विचार करतच नव्हता. ती जेवली की नाही, हा प्रश्न केव्हाच मागे पडला होता. डोक्यात फिरत होतं ते इतकंच, की मी तिला नकोसा झालोय का? म्हणजे त्या ब्लू टिकमध्ये तो तिची खबरबात शोधत नव्हता, स्वतःची किंमत शोधत होता.

१९८७ मध्ये सिंडी हेझन आणि फिलिप शेवर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात वाचकांसाठी प्रश्नावली छापली होती. प्रेमात तुम्ही कसे असता, त्याची तीन वर्णनं दिली होती, त्यांतलं एक निवडायचं. जोडीदाराचं आपल्यावर खरंच प्रेम आहे का, तो आपल्याला सोडून तर जाणार नाही ना, अशी धास्ती सतत वाटते, हे वर्णन साधारण पाचातल्या एकानं निवडलं. तेव्हा ब्लू टिक नव्हती, हातोहाती मोबाइलही नव्हता. त्यामुळे सगळं खापर फोनवर फोडू नका. फोननं एवढंच केलं, की विचारणा दिवसातून चाळीस वेळा करण्याची सोय झाली.

आणि खरी ग्यानबाची मेख त्या विचारण्यातच आहे. ‘रागावलीस का?’ असं विचारलं, ती ‘नाही’ म्हणाली, की बरं वाटतं. किती वेळ? फार तर तासभर. पण मन तेवढ्यात शिकतं, की अस्वस्थ वाटलं की विचारायचं. खाजवल्यावर क्षणभर बरं वाटावं आणि खाज वाढावी, तसं होतं. प्रत्येक उत्तरानं पुढच्या उत्तराची गरज वाढते. तिकडे बायको आधी लगेच उत्तरं द्यायची. मग कंटाळली. आता कधी लाडानं बोलते, कधी फटकारते, कधी फोन पालथा घालून ठेवते. त्याला ते नेमकं घातक ठरलं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं, की टोच मारल्यावर दाणा दर वेळी न मिळता अधूनमधून, कधीही मिळाला, तर दाणे बंद झाल्यावरही कबुतर कितीतरी जास्त वेळ टोचत राहतं. प्रेम कधी मिळेल याचा भरवसा नसला, की माणूसही सोडत नाही, उलट घट्ट धरतो.

मग त्याला काय करायला सांगितलं? आधी एक वही. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीत लिहितात तसं तीन रकाने: काय घडलं, मनात काय आलं, मग काय झालं. पहिल्या रकान्यात ‘तिनं दुर्लक्ष केलं’ असं लिहिलं, तर खोडायचं. घडलं ते एवढंच, की मेसेज वाचला आणि अडीच तास उत्तर आलं नाही. दुर्लक्ष हा मधल्या रकान्यातला माल. तिथे खणत गेल्यावर त्याचं त्यालाच वाक्य सापडलं: ‘तिनं लगेच उत्तर द्यायलाच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोलाचा.’ त्यावर त्यानं उतारा लिहिला, ‘मला काही फरक पडत नाही.’ हे चालत नाही. फरक पडतोच, आणि मनाला थाप लगेच कळते. जमलं ते वाक्य असं होतं: ‘उत्तर आलं तर मला आवडेल. नाही आलं तर वाईट वाटेल, पण तेवढ्यानं माझी किंमत ठरत नाही.’

दुसरी गोष्ट, विचारणं लांबवायचं. बंद नाही करायचं, लांबवायचं. दुसरा मेसेज लिहावासा वाटला की आधी पंधरा मिनिटं थांब. फोन ड्रॉवरमध्ये. अस्वस्थता दहापैकी किती ते वहीत लिही आणि हातातलं काम पुढे ने. सुरुवातीला आकडा चढतो, सात, आठ. तिथेच बहुतेक जण हार मानतात, कारण हा असाच चढत जाणार असं वाटतं. पण काहीही न करता थांबलं, तर तो बहुधा आपोआप उतरू लागतो, आणि हे एकदा स्वतः अनुभवावं लागतं. मग पंधराची तीस मिनिटं करायची. शिवाय अंदाजही लिहायचा: ‘ती रागावली आहे, खात्री ८० टक्के.’ संध्याकाळी खरं कारण शेजारी मांडायचं. मीटिंग, लोकल चुकली, चार्जिंग संपलं.

यात एक चोरवाट आहे. ‘आता मी मेसेजच करत नाही, बघू तिला आठवण येते का!’ हा सराव नव्हे, हा रुसवा. यात फोन ड्रॉवरमध्ये असला तरी डोळा ड्रॉवरवरच असतो.

बायकोला एकच विनंती केली. दर वेळी समजूत घालू नकोस. ‘आपलं ठीक आहे, कामात आहे, साडेनऊला बोलू,’ हे एकदा सांग, पुन्हा पुन्हा नको. आणि साडेनऊला फोन मात्र कर. ठरल्या वेळी येणारा दहा मिनिटांचा फोन दिवसभराच्या तीस मेसेजपेक्षा उपयोगी पडतो.

आता एक गोष्ट वेगळी काढतो. काही घरांत अबोला हे हत्यार असतं. माहेरी गेलात की चार दिवस अबोला, पगार मागितला तसा दिला नाही की अबोला, आणि माफी मागितली की लगेच गोडवा. गप्प बसणं तुमच्या विशिष्ट वागण्याला चिकटून येत असेल आणि तुम्ही हळूहळू माणसं, पैसे, मतं सोडत चालला असाल, तर वही आणि पंधरा मिनिटं हा त्यावरचा इलाज नाही. तुमची भीती तिथे खरी आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळही येतो. स्त्रियांना १८१ या क्रमांकावर मदत मागता येते.

आणि उत्तराची वाट पाहण्यात झोप उडाली, जेवण सुटलं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर सराव बाजूला ठेवा आणि १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक फिरवा. सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. तुमच्याऐवजी घरातल्या कुणी फोन केला तरी चालतो.

नमस्कार.