रांगेत उभा राहणारा माणूस वेडा नसतो

नमस्कार, श्रोतेहो.

बँक बुडाली असं ऐकलं की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, पैसे कोणी खाल्ले? पुष्कळदा तो प्रश्न रास्तच असतो. पण आज मी ज्या बँकेची हकीकत सांगणार आहे, तिथे कुणीही काही खाल्लं नव्हतं. हिशेब चोख होते, कर्जं वेळेवर फिटत होती. तरीही ती बँक दोन आठवड्यांच्या आत बुडायच्या बेतात आली. ही हकीकत मला सांगायला फार आवडते. तुम्हीही ती सावकाश ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यातच आहे.

साल १९७३, महिना डिसेंबर. जपानमधला आइची प्रांत. तिथे तोयोकावा शिंकिन नावाची एक बँक होती. शिंकिन म्हणजे त्या त्या भागातल्या लोकांची, छोट्या व्यावसायिकांची सहकारी पतसंस्था म्हणा ना. काळ मोठा कठीण होता. तेलाच्या किमती भडकल्या होत्या, महागाई वाढली होती. टंचाईच्या भीतीने लोकांनी दुकानांतला टॉयलेट पेपरसुद्धा संपवला होता. म्हणजे मनं आधीच धास्तावलेली होती.

८ डिसेंबरला रेल्वेच्या डब्यात शाळेतल्या तीन मुली गप्पा मारत होत्या. त्यांच्यातल्या एकीला या शिंकिनमध्ये नोकरी लागली होती. मैत्रिणी तिला चिडवायला म्हणाल्या, "शिंकिन धोक्याची असते बरं का!" त्यांच्या मनात होते दरोडेखोर. बँकेत काम करायचं म्हणजे कधी दरोडा पडेल सांगता येत नाही, एवढाच तो चेष्टेचा अर्थ. पण मुलगी बिचारी विचारात पडली. घरी जाऊन तिने मावशीला विचारलं, "शिंकिन धोक्याची असते का गं?" मावशीला बँकेविषयी काहीच माहीत नव्हतं. तिने बँकेजवळ राहणाऱ्या एका नातलग बाईला विचारलं, "तोयोकावा शिंकिन धोक्यात आहे का?"

पाहिलंत काय झालं ते? मुलींनी दरोड्याबद्दल बोललेलं वाक्य तिसऱ्या तोंडी आलं तेव्हा बँकेच्या पैशांबद्दलचं झालं होतं. आणि यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. पुढच्या दोघींनी तर फक्त प्रश्न विचारला होता.

त्या नातलग बाईने ही गोष्ट केस कापायच्या दुकानाच्या मालकिणीला सांगितली. मालकिणीने आपल्या एका नातेवाइकाला सांगितली, तेव्हा शेजारी होता कपडे धुऊन देणाऱ्या दुकानाचा मालक. त्याच्या कानावर ते पडलं. आता हा माणूस महत्त्वाचा आहे. कारण काही वर्षांपूर्वी त्याच परिसरातली एक वित्तसंस्था खरोखर बुडाली होती आणि त्यात त्याला झळ बसली होती. एकदा हात पोळलेल्या माणसाला तुम्ही 'अफवेवर विश्वास ठेवू नका' असं सांगून काय उपयोग?

१३ डिसेंबरला त्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक फोन करायला आलं. त्याने फोनवर कुणाला तरी सांगितलं, तोयोकावा शिंकिनमधून १२ लाख येन काढून आण. त्या माणसाला धंद्याचे पैसे द्यायचे होते. अफवा त्याने ऐकलीसुद्धा नव्हती. पण दुकानदाराच्या बायकोने ते ऐकलं आणि तिची खात्रीच पटली. ती तडक बँकेत गेली, आपले १८ लाख येन काढून आणले आणि वीसहून अधिक ओळखीच्यांना फोन केले. त्यांतला एक जण हौशी रेडिओ केंद्र चालवायचा. त्याने बातमी हवेतून पसरवली. त्या एका दिवसात ५९ ठेवीदारांनी मिळून सुमारे ५ कोटी येन काढले.

पुढची आठवण त्या गावातल्या एका टॅक्सीचालकाची. शाखेकडे जाणारे प्रवासी तो दिवसभर नेत होता. दुपारी बसलेला प्रवासी म्हणाला, बँक धोक्यात आहे म्हणतात. अडीचच्या सुमाराचा म्हणाला, धोक्यात आहे. साडेचारचा म्हणाला, बुडणार. आणि रात्रीचा म्हणाला, उद्या बँक उघडणारच नाही. 'म्हणतात' हा शब्द गळायला अर्धा दिवसही लागला नाही.

मग कहाण्या फुटल्या. कुणी म्हणे कर्मचाऱ्याने ५० कोटी येन पळवले. कुणी म्हणे अध्यक्षांनी आत्महत्या केली. जपानच्या मध्यवर्ती बँकेने जाहीर सांगितलं की या संस्थेत काहीही वावगं नाही, आणि शाखांकडे रोकड पाठवली. मुख्य कचेरीत तिजोरीपुढे नोटांची मीटरभर उंच, पाच मीटर रुंद रास लोकांना दिसेल अशी रचली. ज्यांनी जीव दिल्याची बोलवा होती, ते अध्यक्ष स्वतः काउंटरवर येऊन ग्राहकांशी बोलू लागले. पोलिसांनी एकेका माणसाला विचारत अफवेचा माग काढला, तो थेट त्या आगगाडीच्या डब्यापर्यंत पोहोचला. तोवर शंभर कोटींहून जास्त येन बाहेर गेले होते.

इथे एक गोष्ट मला बोलल्यावाचून राहवत नाही. अशा वेळी बँका एक चिठ्ठी डकवतात: 'ठेवीदारांनी घाबरू नये.' नका हो अशी चिठ्ठी लावू! ज्याला काहीच ठाऊक नव्हतं, त्यालाही ती सांगून जाते की घाबरण्यासारखं काही असावं. शब्दांपेक्षा उघडं काउंटर आणि डोळ्यांना दिसणारी रोकड मोठी. जपानी मंडळींनी तेच केलं.

आता प्रश्न असा, की बँक धड होती तर लोक पैसे काढताहेत म्हणून ती बुडेल कशी? आकडे अगदी सोपे घेऊ. समजा बँकेकडे ठेवी आहेत १००. मालकांचं स्वतःचं भांडवल ८. एकूण १०८. यातले १० रोख ठेवलेत आणि ९८ कर्जाऊ दिलेत. कर्जं उत्तम आहेत, पण ती फिटणार वर्षानुवर्षांनी. ठेवी मात्र लोक मागतील तेव्हा द्यायच्या. पुन्हा सांगतो: कर्जं फिटणार वर्षांनी, ठेवी द्यायच्या मागतील तेव्हा.

एरवी हे छान चालतं, कारण सगळे एकाच दिवशी येत नाहीत. पण समजा ३० ची मागणी आली. रोख १० दिले. आणखी २० हवेत. घाईने कर्जं विकायला काढली, तर घेणारा ओळखतो की हा अडलेला आहे, आणि दोन तृतीयांश किंमतच देतो. २० उभे करायला ३० ची कर्जं विकावी लागली. तोटा झाला १० चा, भांडवल होतं ८. आता उरली कर्जं ६८ आणि देणं उरलं ७०. सकाळी धडधाकट असलेली बँक संध्याकाळी खरोखर दिवाळखोर झाली. अफवा खोटी होती, पण तिने स्वतःला खरं करून घेतलं.

म्हणून म्हणतो, रांगेत उभा राहणारा माणूस वेडा नसतो. पहिल्या ३० ना पूर्ण पैसे मिळाले, मागे राहिलेल्यांचं नुकसान झालं. बँक चांगली आहे हे मला पक्कं माहीत असलं, तरी बाकीचे धावणार असतील तर मलाही धावणंच शहाणपणाचं. डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी हेच १९८३ मध्ये गणिताने मांडलं आणि २०२२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. शाळेत आपण चक्रवाढ व्याजाची गणितं घोटून घेतो. त्या मुलांना हे ३० आणि १०० चं गणितही एकदा करायला द्यावं, असं मला मनापासून वाटतं. व्याज कुठून येतं हे कळलं, की जोखीम कुठून येते हेही कळतं.

यावर औषधं दोन. पहिलं, मध्यवर्ती बँकेने कर्जांच्या तारणावर ते २० उसने देणं. मग कर्जं पडेल भावात विकावी लागत नाहीत आणि ते ८ चं भांडवल शाबूत राहतं. दुसरं औषध ठेव विमा. बँका नियमित हप्ता भरतात, त्यातून निधी उभा राहतो, आणि बँक बंद पडली तर ठरलेल्या मर्यादेपर्यंतची ठेव त्या निधीतून मिळते. त्याची खरी करामत पैसे देण्याच्या आधीच घडते. शेवटच्या माणसालाही पैसे मिळणार असतील, तर पहिलं येण्यात फायदा उरत नाही. अमेरिकेत १९३३ साली सुमारे चार हजार बँका बंद पडल्या. १ जानेवारी १९३४ पासून विमा लागू झाला, आणि त्या वर्षी विमा असलेल्या बँकांपैकी फक्त नऊ बुडाल्या. सगळं श्रेय विम्याचं नव्हे, डबघाईच्या बँका आधीच गाळल्या गेल्या होत्या. पण रांगा थांबल्या, त्या मुख्यतः विम्यामुळे.

मग तोयोकावात विमा नव्हता का? होता! जपानमध्ये तो १९७१ मध्येच सुरू झाला होता. पण मर्यादा होती माणशी १० लाख येन. आता आठवा, त्या दुकानदारीणबाईंनी काढले किती? १८ लाख. त्यांचे ८ लाख विम्याच्या बाहेर होते. शिवाय दोनच वर्षांच्या या योजनेची माहिती त्यांना असेल-नसेल. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, जपानने ती मर्यादा ३० लाखांवर नेली.

मर्यादा असते ती मुद्दाम. सगळंच सुरक्षित असेल तर बँकेचा कारभार कसा आहे हे पाहायला कुणालाच कारण राहत नाही, आणि बेफिकीर बँकही जास्त व्याजाच्या जोरावर पैसा ओढत राहते. पण मर्यादेच्या वरचा पैसा हा पळणारा पैसा, हेही तितकंच खरं. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत ठेवींचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग मर्यादेच्या वर होता. ती बँक तोयोकावासारखी निर्दोष नव्हती. व्याजदर वाढल्याने तिच्या रोख्यांच्या किमती घसरल्या होत्या, ते रोखे विकून तिने तोटा जाहीर केला आणि लोक बिथरले. ९ मार्चला एका दिवसात ४२ अब्ज डॉलर गेले. दुसऱ्या दिवसासाठी आणखी सुमारे १०० अब्जांची मागणी नोंदली गेली होती. रस्त्यावर फारशी रांग दिसली नाही, कारण मागणी फोनवरून आणि संगणकावरून आली. १० तारखेला, शुक्रवारी, बँक बंद केली. रविवारी सरकारने जाहीर केलं की मर्यादेवरच्या ठेवीही पूर्ण मिळतील, आणि सोमवारी लोकांना आपले पैसे वापरता आले.

मर्यादा कागदावर ठेवायची आणि संकट आलं की ती ओलांडायची, हे मला पटत नाही. त्यापेक्षा धंद्याच्या चालू खात्यांना, जिथून पगार आणि देणी भागतात, त्यांना वेगळी, मोठी मर्यादा द्यावी आणि तिचा हप्ता बँकांकडून आधीच घ्यावा. अमेरिकेच्या ठेव विमा महामंडळाने मे २०२३ च्या आपल्या अहवालात जवळपास हाच पर्याय सर्वांत आश्वासक म्हणून मांडला आहे.