सोफ्यासमोरची बाई

पडद्यावर इलस्ट्रेटरमध्ये उघडलेलं एक सपाट रंगांचं चित्र आहे. भिंत, सोफा, जमीन, आणि सोफ्यासमोर उभी असलेली एक बाई. चित्र तेच हवंय, फक्त बाई नको.

बाईचा ग्रुप निवडून डिलीट दाबलं, की तिच्या जागी पांढरं भोक दिसतं, अगदी तिच्याच आकाराचं. अंबाडासुद्धा ओळखू येतो! व्हेक्टर चित्रात, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या सुट्या आकारांच्या चित्रात, मागचा आकार खरं तर अखंड असायला हवा. पण इथे फाइल देण्याआधी कुणीतरी पाथफाइंडरमधलं ट्रिम वापरलंय. बाईमागे झाकला गेलेला सगळा भाग त्यानं कापून टाकला. हे आधीच कळलं असतं. इलस्ट्रेटरमध्ये Ctrl+Y दाबलं की नुसत्या बाह्यरेषा दिसतात, आणि सोफ्याची रेघ बाईच्या खांद्यापाशी थांबलीय की तिच्या मागून पुढे गेलीय, ते समजतं.

भिंतीचं काम सोपं. डोक्यापाशी खाच पडलीय, तिथले बिंदू डिलीट अँकर पॉइंट टूलनं एकेक काढायचे, म्हणजे कड सरळ होते. कीबोर्डवरचं डिलीट इथे नको, त्यानं रेघच तुटते. जमिनीवर बुटांची खाच तशीच भरायची. पायाशी पडलेली सावली वेगळा आकार असते, ती हमखास राहून जाते.

खरी मेहनत सोफ्याची. त्याचे दोन तुकडे झालेत. दोन्हींची आतली, बाईच्या अंगाला लागून गेलेली कड काढून टाकली. वरची दोन टोकं निवडून Ctrl+J, खालची दोन निवडून पुन्हा Ctrl+J. सोफा एक झाला. पण पाठीला मुळात हलका बाक होता आणि जोड सरळ आलाय. जोडावरचे दोन बिंदू काढले, बाजूच्या बिंदूंचे, रेघेचा बाक ठरवणारे हँडल थोडे ओढले, की बाक परत येतो.

रंग जुळवायची गरज पडत नाही, कारण आकार तोच आहे. दोन गाद्यांमधली रेघ मात्र बाईमागेच गेली होती. सोफ्याची रुंदी मोजून ती मधोमध नव्यानं काढली. तिचा रंग आयड्रॉपरनं सोफ्याच्या हाताच्या कडेवरच्या रेघेवरून उचलला. स्क्रीनशॉटवरून रंग उचलू नये, तिथे छटा बदललेली असू शकते.

आता तपासणी. सगळ्यांत खाली भडक गुलाबी रंगाचा एक चौकोन ठेवू. भिंत आणि जमीन जिथे भेटतात, तिथे केसाएवढी गुलाबी रेघ चमकतेय. दोन्ही कडा अगदी एकमेकींना टेकल्यात, त्यामुळे त्यांच्यामधून मागचा रंग झिरपतो. जमीन वर ठेवून भिंतीची खालची कड तिच्याखाली दोन-तीन पिक्सेल ओढली.

गुलाबी गेला. चौकोन पुसायला विसरू नका, मी एकदा तसाच पाठवलाय.