सगळे 'एस' सारखे नसतात

[दृश्य: वॉर्डातलं टेबल, केसपेपरवर स्टेपल केलेला लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट]

समजा, अठ्ठावन्न वर्षांच्या एक बाई हुडहुडी भरून ताप, उलट्या आणि उजव्या बरगडीखाली दुखणं घेऊन दाखल झाल्या. गेल्याच महिन्यात त्यांनी लघवीच्या जळजळीसाठी औषधाच्या दुकानातून गोळ्या घेतल्या होत्या. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचलाय हे डॉक्टरांना दिसत होतं, आणि आधीच्या गोळ्यांमुळे जंतू चिवट असेल अशी शंकाही होती. म्हणून लघवीचा नमुना आधी घेतला आणि मगच मेरोपेनेम सुरू केलं, दर आठ तासांनी एक ग्रॅम, शिरेतून. हा क्रम महत्त्वाचा. अँटिबायोटिकचा डोस आधी गेला असता तर कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, कदाचित काहीच उगवलं नसतं, आणि मग पुढचं सगळं अंदाजावर चालवावं लागलं असतं.

[दृश्य: कल्चर प्लेटवरच्या वसाहती]

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट येतो. ताप उतरलाय, बाई जेवायला लागल्या आहेत. घाईत नजर थेट औषधांच्या यादीवर जाते, पण वाचायला वरून सुरुवात करायची. ई. कोलाय, एकच जंतू, मिलिलिटरमागे एक लाखाहून जास्त. तीन-चार जातींचे जंतू मिसळून उगवले असते, तर नमुना घेताना बाहेरचे जंतू मिसळल्याचा संशय घेतला असता. इथे लक्षणं आणि जंतू जुळतात.

त्याखाली एक ओळ: ईएसबीएल पॉझिटिव्ह. म्हणजे हा जंतू सेफ्ट्रायाक्झोनसारखी औषधं तोडणारं एन्झाइम तयार करतो. यादीत सेफ्ट्रायाक्झोनसमोर 'आर', म्हणजे रेझिस्टंट, जंतू औषधाला जुमानत नाही; सिप्रोफ्लॉक्सासिनसमोरही 'आर'.

[दृश्य: बोट यादीवरून खाली सरकतं]

आता 'एस'च्या ओळी, म्हणजे ससेप्टिबल, जंतूवर चालणारी औषधं. मेरोपेनेम, ०.२५ किंवा कमी. कोट्रायमोक्साझोल, २० किंवा कमी. नायट्रोफ्युरँटॉइन, १६ किंवा कमी. पिपरासिलीन-टाझोबॅक्टम, ८. 

इथे हमखास चूक होते. आकडा सगळ्यात लहान म्हणून औषध सगळ्यात जोरदार, असं वाटतं. हा आकडा म्हणजे जंतूची वाढ थांबवायला औषधाचं किमान किती प्रमाण लागलं ते. पण शरीरात प्रत्येक औषध किती पोचतं ते वेगळं, म्हणून 'एस'ची हद्दही प्रत्येकाची वेगळी. मेरोपेनेमचे ०.२५ आणि कोट्रायमोक्साझोलचे २० एकमेकांशी ताडून बघायचेच नसतात. दोन्ही आपापल्या हद्दीत आहेत, विषय संपला.

मग मेरोपेनेम थांबवून पुढचं औषध निवडायचं कसं? औषध संसर्गाच्या जागी पोचतं का, हे विचारून.

नायट्रोफ्युरँटॉइन स्वस्त, तोंडाने घ्यायचं, आणि 'एस' सुद्धा. पण ते लघवीत साठतं; रक्तात आणि मूत्रपिंडाच्या मांसल भागात पुरेसं पोचत नाही. नुसती मूत्राशयाची जळजळ असती, ताप नसता, तर तेच पहिलं औषध ठरलं असतं. या बाईंना ते देऊन घरी पाठवणं म्हणजे थंडी-तापासह परत येण्याची वाट मोकळी ठेवणं.

पिपरासिलीन-टाझोबॅक्टमचा 'एस' ईएसबीएलच्या बाबतीत फसवा असू शकतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मेरिनो चाचणीत सेफ्ट्रायाक्झोनला न जुमानणारे ई. कोलाय किंवा क्लेबसिएला रक्तात असलेल्या रुग्णांमध्ये, हे औषध घेणाऱ्यांत महिन्याभरातले मृत्यू सुमारे १२ टक्के होते, मेरोपेनेम घेणाऱ्यांत ४ टक्क्यांच्या आत. शिवाय तेही शिरेतूनच द्यायचं. बदलून काय साधणार?

उरतं कोट्रायमोक्साझोल. जुनं, साधं, बऱ्याच जणांच्या मनातून उतरलेलं औषध. पण ते मूत्रपिंडात नीट पोचतं, आणि ईएसबीएल एन्झाइमला ते तोडता येत नाही. डबल स्ट्रेंग्थची एक गोळी दिवसातून दोनदा.

[दृश्य: केसपेपरवरची रोजच्या औषधांची यादी]

लिहिण्याआधी रिपोर्टच्या बाहेर बघावं लागतं. सल्फाची अ‍ॅलर्जी? नाही. उलट्या थांबल्या, गोळी पोटात टिकते. क्रिएटिनिन ०.९, मूत्रपिंडाचं काम ठीक. पण बाई रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेतात, आणि ही जोडी रक्तातलं पोटॅशियम वाढवते. दाखल होताना ते ४.३ होतं. गोळी देता येते, मात्र तीन-चार दिवसांनी पोटॅशियम पुन्हा तपासायचं. ते ५ च्या वर असतं, तर मी ही गोळी टाळली असती.

मेरोपेनेम थांबतं, शिरेतली सुई निघते. सुधारणा वेळेवर झाली असेल आणि मुतखडा किंवा अडथळा नसेल, तर एकूण सात दिवस पुरतात. त्यात मेरोपेनेमचे दिवसही धरायचे, कारण जंतू त्यालाही 'एस' होता.

आणि कोट्रायमोक्साझोलसमोर 'आर' असता तर? मग दिवसातून एकदाच द्यायचं अर्टापेनेम, रोज डे-केअरला येऊन. तेही मेरोपेनेमच्याच कार्बापेनेम गटातलं, म्हणजे औषधाचा जंतूंवरचा मारा फारसा अरुंद झाला नसता, फक्त खाट मोकळी झाली असती.

त्रास पूर्ण थांबला, तर कोर्सनंतर पुन्हा कल्चर करायची गरज नाही. ताप परत आला, तर मात्र नवा नमुना आणि सोनोग्राफी.