पंधराचा डबा

(लातूरच्या एका महिला मंडळात संक्रांतीच्या कार्यक्रमात झालेलं व्याख्यान. थोडं छाटून, लेखाच्या रूपात.)

तिळगूळ खाल्लात, आता थोडं कडू ऐकून घ्या. अध्यक्षबाईंनी पत्रिकेत छापलंय, 'चौघांच्या कुटुंबाचं महिन्याच्या किराण्याचं अंदाजपत्रक'. साडेसहाला या हॉलमध्ये भजनी मंडळ येणार आहे, तेव्हा मला पाऊण तास आहे. मी जिल्हा परिषदेत हिशेब विभागात तीस वर्षं काढली. अंदाजपत्रक म्हटलं की माझी जीभ आवरत नाही, त्यामुळं कुणीतरी घड्याळाकडं लक्ष ठेवा.

तुमच्यापैकी किती जणी गॅसच्या सिलिंडरवर लावल्याची तारीख लिहितात? बघा, निम्म्याहून जास्त हात वर. आता तेलाच्या डब्यावर कोण लिहितं? एक. त्याही आमच्या वहिनी आहेत, त्यांना मीच शिकवलंय, म्हणजे त्यांचं मत धरायचं नाही. सिलिंडर किती दिवस गेला हे आपल्याला तोंडपाठ असतं, आणि त्याच शेगडीवरच्या कढईत किती तेल गेलं हे माहीत नसतं. काहून?

ही सवय माझी नाही, आमच्या सासूबाईंची. त्या डब्यावर कोळशानं रेघ मारायच्या. मी त्या जागी कागदाची पट्टी चिकटवते, उघडल्याची तारीख वर, संपल्याची खाली. आमच्या घरात माणसं चार, मी, हे, मुलगा आणि सूनबाई. 15 किलोचा डबा 118 दिवस जायचा. 15,000 ग्रॅमला 118 नं भागा, दिवसाला साधारण 127 ग्रॅम येतं. महिन्याचं झालं पावणेचार किलोच्या जरासं वर. हा आकडा मला माझ्या रक्तदाबापेक्षा नीट पाठ आहे.

आता माझी तक्रार सांगते. लांबेल थोडी.

2024 च्या सप्टेंबरात सरकारनं बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलावर आयात शुल्क वाढवलं. कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावर मूळ शुल्क शून्यावरून 20 टक्के झालं. आपल्या देशात लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, त्यामुळं किराण्यातला भाव लगेच चढला. आणि त्याच दसरा-दिवाळीत आपल्या आडतीत सोयाबीन हमीभावाच्याही खाली जात होतं. म्हणजे गंजगोलाईच्या एका रस्त्यावर सोयाबीन घेऊन आलेला भाऊ रडत होता आणि दुसऱ्या रस्त्यावर त्याच सोयाबीनचं तेल घेणारी बहीण रडत होती. गोलाईला सोळा रस्ते आहेत, बाकीच्या चौदांवर कोण हसत होतं ते मला विचारू नका. (पुढच्या मे महिन्यात ते शुल्क 10 टक्क्यांवर आणलं, पण तोवर दिवाळी होऊन गेली होती.)

तर डबा 2,250 रुपयांचा झाला. मी डिसेंबरात दुसऱ्या एका दुकानात विचारलं. नाव सांगत नाही, अजून त्याच गल्लीतून भाजी आणायला जाते. तो म्हणाला, "काकू, 2,130 ला देतो, पंधराचाच डबा." एकशेवीस रुपये वाचले! मी दोन दिवस घरात माझ्या चतुराईचं कौतुक ऐकवत होते.

तो डबा 107 दिवसांत संपला. मी आधी सूनबाईकडं बघितलं. मग मुलाकडं. "रात्री पापड तळून खातोस का रे?" बिचारा रागावून दोन दिवस भाकरीला तूपच लावून खात होता. तिसऱ्या दिवशी चष्मा घालून रिकाम्या डब्याचं लेबल वाचलं. जुन्या डब्यावर होतं 15 किलो. यावर होतं 15 लिटर.

इथंच आपण सगळ्या फसतो. पाण्याचं एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणून तेलाचंही तसंच असेल असं वाटतं. तेल पाण्याहून हलकं, म्हणून तर पाण्यावर तरंगतं. एक लिटर तेल भरतं सुमारे 910 ग्रॅम. पंधरा लिटर म्हणजे 13 किलो 650 ग्रॅम. एक किलो साडेतीनशे ग्रॅम तेल मला मिळालंच नव्हतं! जुना डबा किलोला 150 रुपयांनी पडत होता, स्वस्तवाला 156 नं. दुकानदार खोटंही बोलला नव्हता. पंधराचाच डबा होता तो. कशाचा पंधरा, हे मी विचारलं नव्हतं.

पाकिटांत तर याहून गंमत. पूर्वी तेल ठरावीक मापातच विकायची अट होती, ती काही वर्षांपूर्वी निघाली. तेव्हापासून एक लिटरच्या पिशवीशेजारी तिच्याच रंगाची, तिच्याच उंचीची 850, 800, 750 ग्रॅमची पिशवी उभी असते. हाताला फरक कळत नाही. पण आता पाकिटावर किमतीशेजारी बारीक अक्षरात दर ग्रॅमला किंवा दर मिलिलिटरला किती रुपये पडले तेही छापतात. ते बघा. दोन्ही पाकिटं ग्रॅमवाली असतील तर सरळ तुलना करा. एक मिलिलिटरचं असेल तर त्याच्या लिटरच्या भावाला 0.91 नं भागा, किलोचा भाव येईल. गणित नको असेल तर लिटरच्या भावात दहा टक्के मिळवा, दुकानात उभं राहून करायला तेवढं पुरतं.

किती वाजले? सहा वाजून दहा? अरे देवा. अजून अंदाजपत्रक सुरूच केलं नाही की मी!

बरं. आपण अंदाजपत्रक रुपयांत मांडतो. "किराण्याला तीन हजार." भाव वाढले की तीन हजार मोडतात, आपण महागाईला शिव्या देतो आणि पुढच्या महिन्याला साडेतीन लिहितो. माझं म्हणणं, आधी किलो लिहा, रुपये त्याच्यापुढं. मायच्या घरी कुणाला वर्षाचे पैसे विचारले असते तर सांगता आलं नसतं, पण घरात ज्वारी किती पायल्या लागते ते पोरींनाही ठाऊक होतं.

याचा उपयोग काय, ते तेलावरच दाखवते. मी दर एक तारखेला डबा ताणकाट्याला लटकवते. 2024 च्या ऑगस्टात आमचं तेल गेलं 3.8 किलो, तेव्हाच्या 126 च्या भावानं 480 रुपये. ऑक्टोबरात गेले 640. एकशेसाठ रुपये जास्त. आमचे हे म्हणाले, "महागाई!" वही म्हणाली, थांबा. तेवढंच तेल 150 च्या भावानं घेतलं असतं तर 570 झाले असते. म्हणजे महागाईचे 90. उरलेले 70 फराळाच्या शेव-चकलीचे, तेल सव्वाचार किलो गेलं होतं. महागाईच्या 90 वर माझा इलाज नाही, ते पुढच्या महिन्याच्या रकमेत मिळवावेच लागतात. फराळाचे 70 दिवाळीबरोबर संपतात, ते मिळवायचे नाहीत. नुसते रुपये लिहिले असते तर मी नोव्हेंबरातही 640 धरले असते.

सगळ्या जिनसांना हे करत बसू नका, वेड लागेल. तेल, साखर, शेंगदाणे आणि तूरडाळ, एवढ्या चार डब्यांना पट्टी लावा. तीन महिने नुसत्या तारखा लिहा, काटकसर करू नका, नाहीतर आकडा खोटा येतो.

आता भराभर. महिन्याच्या पैशाचे मी चार कप्पे करते. पहिला वर्षाच्या भरण्याचा. आम्हाला महिन्याला गहू 14 किलो आणि ज्वारी 8 किलो लागते, म्हणजे वर्षाचा गहू 170 किलो आणि ज्वारी क्विंटलभर. त्यात तूरडाळ 30 किलो, मिरची आणि काळा मसाला. माझ्या वहीतल्या भावानं हे सगळं 15,000 ला पडतं. तूर जानेवारी-फेब्रुवारीत, शाळू आणि गहू मार्च-एप्रिलात, म्हणजे माल बाजारात येतो तेव्हा घ्यायचं. पण तेव्हा एकदम 15,000 कुठून आणायचे? म्हणून दर महिन्याला 1,250 बाजूला, आणि त्या पैशाला हात लावायचा नाही. वीस-पंचवीस जणी मिळून आडतीतून घेतलं तर आणखी बरं. पंचवीस किलोपर्यंतच्या छापील पाकिटातल्या धान्याला 2022 च्या जुलैपासून 5 टक्के जीएसटी लागतो, सुट्या धान्याला नाही.

हे सगळ्यांना जमेल असं नाही. दोन खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या पोरीनं क्विंटलभर ज्वारी ठेवायची कुठं? आणि नीट वाळवून, एरंडेल चोळून ठेवलं नाही तर श्रावणात सोंडे होतात, मग वर्षाचं स्वस्त धान्य महाग पडतं. तिनं तीन-तीन महिन्यांचं घ्यावं. कप्पा तसाच ठेवावा.

दुसरा कप्पा महिन्याच्या किराण्याचा, तेल, साखर, तांदूळ, चहा, शेंगदाणे, साबण धरून आमच्याकडं 2,950. तिसरा दुधाचा, दीड लिटर रोज, 2,500. चौथा भाजीपाला-फळांचा, आठवड्याच्या बाजाराला 600. इथं एक चूक सगळ्या करतात, महिन्याला चार बाजार धरतात. वर्षात बाजार 52 आणि महिने 12, म्हणजे चार महिने पाच बाजारांचे येतात. कॅलेंडरवर बाजाराच्या वाराला आत्ताच खुणा करा. मी सरासरी 2,600 धरते, चार बाजारांच्या महिन्यात उरलेले पाचव्या बाजारासाठी राहतात. सगळं मिळून 9,300.

भाजीत किलोचं गणित चालत नाही, तिथं उलटं करायचं. रक्कम बांधलेली, भाजी सुटी. 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभराच्या वर गेला, तेव्हा सहाशेत टोमॅटो बसवायचा हट्ट धरला असता तर मेथीही गेली असती आणि फळंही. आम्ही वरणात चिंच घातली, दोन दिवस सांडग्यांची भाजी केली. मे महिन्यात गच्चीवर वाळवण करणाऱ्या बाईला शेजारणी हसतात, जुलैत वाटी घेऊन येतात.

भजनी मंडळी दारात आलीत, पेटीही आली. एकच प्रश्न घेते. हं, निळ्या साडीतल्या ताई?

"पाहुणे आले तर पट्टीचा हिशेब बिघडतो, मग काय करायचं?"

पट्टीवर पाहुण्यांचंही लिहायचं. आमच्या डब्यावर 'नणंदबाई, 9 दिवस' असं लिहिलेलं होतं. नणंदबाईंनी ते वाचलं, पुढचं काय झालं ते इथं सांगत नाही. तेव्हापासून मी नुसतं 'न. 9' लिहिते. चला, सतरंजी मोकळी करा, टाळ आत येतायत.