पहिल्या अंदाजाचं भूत

[पडद्यावर: गोदामातला एक सुटा भाग, शेजारी कोरा तक्ता]

निवेदन:
हा एका यंत्राचा सुटा भाग. दर महिन्याला किती लागतील, एवढाच प्रश्न आहे.

१९५०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या गोदामांत असे हजारो भाग होते, आणि त्यांच्यासाठी हाच प्रश्न रॉबर्ट ब्राऊन यांच्यासमोर आला. महायुद्धात त्यांनी पाणबुड्यांचा माग काढण्याच्या गणितावर काम केलं होतं. तीच युक्ती त्यांनी मागणीला लावली. तिला आज आपण एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग म्हणतो.

[पडद्यावर: नवा अंदाज = अल्फा × ताजा आकडा + (१ − अल्फा) × जुना अंदाज]

निवेदन:
जुने आकडे जपून ठेवायची गरज नाही. प्रत्येक भागामागे एकच संख्या लक्षात ठेवायची, ती म्हणजे मागचा अंदाज. त्या काळात ही सोय फार मोठी होती.

पण जुने आकडे गेले कुठे? ते त्या एका संख्येतच मुरलेले असतात. अल्फा ०.१ धरला, तर ताज्या महिन्याचं वजन १० टक्के. त्याआधीच्याचं ९, मग ८.१, मग ७.२९. दर पायरीला आधीच्या वजनाचे नऊ-दशांश उरतात. उतरंड कधी शून्याला टेकत नाही, नुसती बारीक होत जाते. वजन निम्मं व्हायला इथे साधारण साडेसहा महिने लागतात. अल्फा ०.३ केला, तर दोन महिनेही लागत नाहीत.

[पडद्यावर: दोन उतरत्या रेषा, एक सावकाश, एक झपाट्याने]

निवेदन:
इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. गडबड होते ती टोकाला. ०.१च्या उतरंडीतली पहिल्या बारा महिन्यांची वजनं जोडून पाहा. बेरीज होते जेमतेम ७२ टक्के. मग उरलेले २८ कोणाचे?

हिशेब सुरू होऊन बाराच महिने झाले असतील, तर ते आहेत तुम्ही सुरुवातीला टाकलेल्या आकड्याचे. सूत्राला पहिल्या दिवशीही एक ‘जुना अंदाज’ हवा असतो, आणि तो कुणीतरी मनानेच भरलेला असतो.

आपला सुटा भाग घेऊ. खरी मागणी, सोयीसाठी, दर महिन्याला नेमकी १००. पण सुरुवात केली १६० पासून, कारण कुणाला तरी तसं वाटलं. अल्फा ०.१. पहिल्या महिन्यानंतर अंदाज १५४. दुसऱ्यानंतर १४८.६. सहा महिने उलटले, तरी जवळपास १३२. आणि वर्ष सरलं तेव्हा ११७.

वर्षभर मागणी एका नगानेही हलली नाही, तरी आपण १७ नग जास्तच मागवतोय. अल्फा ०.३ असता, तर वर्षाअखेरीस अंदाज १०१च्याही आत आला असता.

मग अल्फा वाढवून टाकावा का? माझ्या मते नाही. खरी मागणी अशी सरळ रेषेत कधीच नसते. ०.३चा अंदाज प्रत्येक फुटकळ चढउताराच्या मागे धावतो. दोष सुरुवातीचा, आणि शिक्षा पुढच्या सगळ्या महिन्यांना, असं होऊन बसतं.

त्यापेक्षा अल्फा फक्त सुरुवातीला मोठा ठेवावा. पहिल्या महिन्याला १, दुसऱ्याला १/२, तिसऱ्याला १/३. पहिल्याच महिन्यात अल्फा १ असल्यामुळे १६०चं वजन शून्य होतं. ते भूत तिथेच उतरतं. पुढचे काही महिने अंदाज म्हणजे आतापर्यंतच्या आकड्यांची साधी सरासरी असते. दहाव्या महिन्याला १/१० येतो, तोच आपला ०.१. तिथून तो तसाच चालू ठेवायचा.

[पडद्यावर: चुकांचा आलेख. शून्याच्या खाली सलग बारा ठिपके]

निवेदन:
आधीच चालू असलेल्या हिशेबात हे भूत ओळखायचं कसं? प्रत्यक्ष मागणीतून अंदाज वजा करा आणि चुकांची चिन्हं पाहा. निरोगी हिशेबात अधिक-उणे मिसळलेले असतात. इथे सलग उणे दिसतात: ६०, ५४, ४८.६... अगदी पहिल्या महिन्यापासून, आणि दर वेळी नऊ-दशांश होत.

मधूनच एखाद्या महिन्यापासून अशी रांग लागली, आणि ती अशीच आकसत गेली, तर दोष सुरुवातीचा नाही. मागणीचीच पातळी बदलली आहे.

आणि रांग आकसतच नसेल तर? समजा मागणी दर महिन्याला ३ नगांनी वाढते आहे. अल्फा ०.१ असताना चूक हळूहळू ३० वर येऊन थांबते, वाढ भागिले अल्फा, आणि मग तिथून हलत नाही. कितीही महिने वाट पाहिली तरी हे सूत्र ती दरी भरू शकत नाही. त्याच्याकडे वाढीसाठी वेगळी संख्याच नाही. ती दुसरी संख्या चार्ल्स होल्ट यांनी १९५७ मध्ये जोडली.

[पडद्यावर: चढत जाणारी मागणी, आणि तिच्याखाली समांतर चालणारी अंदाजाची रेषा]