रामबागेतील एक बैठक

इंदूरच्या रामबाग भागातील एका घरात मुलगी पाहण्याचा कार्यक्रम सुरू आहे. पोह्यांच्या बशा हातात आल्या आहेत आणि मुलाच्या आत्या मुलीकडे पाहत सहज म्हणतात, “फोटोत रंग उजळ वाटला होता. उंचीही जरा बेताचीच आहे, नाही का?”

अशा वेळी सर्वांत आधी बोलतात ते मुलीचे आईवडील. “सध्या उन्हातून जाणे-येणे होते, एरवी ती उजळच आहे,” असे काहीतरी ते घाईघाईने सांगतात. हे बोलणे मायेपोटी येते, पण त्यामुळे रंग ही उणीव असल्याचे मान्य होते. वजनाच्या बाबतीत तर “लग्नापर्यंत कमी करेल” असे वचनच दिले जाते आणि ते पुढे मुलीला फेडावे लागते. म्हणून या घरात आदल्या दिवशीच ठरले होते की, मुलीच्या रूपाविषयी कोणी काही बोलले, तर उत्तर तिनेच द्यायचे आणि इतरांनी सारवासारव करायची नाही. फोटोही दिवसाच्या उजेडात काढलेला, काहीही न बदलता पाठवला होता आणि परिचयपत्रात उंची खरी लिहिली होती. अशी पूर्वतयारी असली की आवाज चढवण्याची वेळ सहसा येत नाही.

मुलगी क्षणभर थांबते आणि म्हणते, “काकू, माझा रंग सावळाच आहे आणि उंची लिहिल्याप्रमाणे पाच फूट एक इंच आहे. याबाबत आपली काही अट असेल, तर आताच सांगावी, म्हणजे दोन्ही घरांना निर्णय घेणे सोपे जाईल.” या उत्तरात समर्थन नाही आणि उलट टोमणाही नाही. शेरा मारणाऱ्या व्यक्तीला आता अट आहे किंवा नाही, हे स्पष्ट सांगावे लागते. आत्या “तसे काही नाही” म्हणतात आणि विषय नोकरीकडे वळतो.

मात्र आमच्या मते, खरे पाहायचे असते ते मुलाचे वागणे. दोघे गच्चीत बोलायला गेल्यावर मुलगी त्याला विचारते, “आत्यांचे बोलणे तुम्हाला पटले का?” तो म्हणतो, “तिचा स्वभावच तसा आहे, मनावर घेऊ नका.” हे उत्तर आत्यांविषयी झाले, त्याच्याविषयी नव्हे, म्हणून ती पुन्हा विचारते, “तुमचे स्वतःचे मत काय?” त्यावर तो म्हणतो, “घरचे म्हणतील तसे.”

शांत राहणे म्हणजे सारे ऐकून घेणे नव्हे. तोच शेरा पुन्हा आला, तर बैठक तेथेच आवरती घेता येते. रंग किंवा वजनाचे निमित्त करून देण्याघेण्याची भाषा निघाली, तर १९६१च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानुसार हुंड्याची मागणी करणे हाच गुन्हा आहे.

येथे तशी वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांनी मध्यस्थांना फोन केला आणि पत्रिकेचे निमित्त पुढे न करता सांगितले, “मुलाचे स्वतःचे मत कळले नाही, म्हणून आम्ही हे स्थळ पुढे नेत नाही.”